वरून बघितल्याशिवाय कात्री नाही

थोरली काखेत पोर घेऊन आली होती आणि धाकटी तिच्या पाठीमागे अंग चोरून उभी होती. थोरलीनं खुर्चीवर टेकायच्या आधीच सांगून टाकलं, "मॅडम, माझं कापलं तसं हिचं पण कापा. दोघींचं एकच हाय."

दोघी सख्ख्या बहिणी, आणि सूर्यमाळकडच्या एका पाड्यावर एकाच घरात दिलेल्या, त्यामुळे सख्ख्या जावाही. मी जव्हारच्या सरकारी दवाखान्यात बायकांची डॉक्टर. गाव माझं जामसर. वडील शाळामास्तर होते आणि सुट्टीत भातलावणी करायचे. मुंबई-पुण्याकडच्या डॉक्टरांना इथली बोली उमगत नाही, मला उमगते. पण माझं तोंड फटकळ आहे, हे जव्हार आणि मोखाडा या दोन्ही तालुक्यांत सगळ्यांना ठाऊक आहे. त्या दिवशी ओपीडी तुडुंब भरली होती, पंखा बंद होता, आणि ही बाई मला भाजीवालीला सांगावं तसं सांगत होती की हिचंही कापा.

"अगं, कापा म्हणजे काय? मी काय न्हावी आहे का?" मी म्हटलं. "आधी बस. आणि तू का मागे लपतेस? पेशंट कोण, तू की ती?"

धाकटी पुढे आली. नाकी-डोळी नीटस, पण नजर जमिनीवर. ती काही बोलायच्या आत थोरलीनं थैलीतून एक्स-रेची फिल्म काढली आणि माझ्या टेबलावर आपटली. गर्भपिशवीत औषध सोडून काढलेली ती फिल्म. बघितली तर ती हुबेहूब थोरलीच्या फिल्मसारखी होती. खाली एक दांडा आणि वर त्याला फुटलेली दोन टोकं.

थोरलीचं आधी सांगते, म्हणजे घोटाळा होणार नाही. तिचे तीन गर्भ दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यातच गेले होते. पाड्यावर कोणी बाहेरची बाधा म्हटलं, कोणी तिनं ओझं उचललं म्हटलं. मी तिला नाशिकला पाठवली. तिथे थ्री-डी सोनोग्राफी झाली. या सोनोग्राफीत पिशवी आतून दिसते तशी तिचा माथाही बाहेरून दिसतो. तिच्या पिशवीचा माथा चांगला गोल होता आणि आत वरपासून खालपर्यंत पडदा. तो पडदा पिशवीच्या मांसासारखा नसतो, रक्त त्याला कमी मिळतं. गर्भ त्याच्यावर रुजला तर मुळं धरत नाहीत आणि सुरुवातीलाच गळतो. तिथलेच माझे सर, ज्यांच्या हाताखाली मी शिकले, त्यांनी खालच्या वाटेनं दुर्बीण आत घालून तो पडदा कापला. टाका नाही, पोटावर वण नाही, दुसऱ्या दिवशी ती घरी. पुढच्या खेपेला पोर राहिलं आणि दिवस भरून जन्मलं. तेच हे काखेतलं, माझ्या स्टेथोस्कोपला लोंबकळत होतं.

तरी सर त्या वेळीच म्हणाले होते, पडदा दिसला की काप, असं करू नकोस. कितीतरी बायकांना पडदा असतो आणि त्यांना पत्ताही नसतो, सुखानं बाळंत होतात. कापल्यानं नक्की किती फरक पडतो यावर अजून डॉक्टरांचंच एकमत नाही. पण तीन-तीन गेलेत आणि दुसरं काही कारण सापडत नाही, तिथे हात घालायला हरकत नाही. सरांचं हे बोलणं मी थोरलीलाही सांगितलं होतं. तिनं त्यातलं एवढंच ध्यानात ठेवलं की कापलं आणि पोर झालं.

मी धाकटीला विचारलं, "तुझे किती गेले? आणि केव्हा गेले?"

"पयला पाचव्यात," ती म्हणाली. "काय दुखलं नाय, एकदम पाणीच गेलं. दुसरा सातव्यात. पायानं आला. वाईच रडला, मंग..."

मी पेन खाली ठेवलं. थोरलीचे गेले ते दुसऱ्या-तिसऱ्यात. हिचे पाचव्यात आणि सातव्यात, आणि एक पायाळू. फिल्म एकच, पण चाल वेगळी. मला ते खटकलं.

आता एक गोष्ट समजून घ्यायला हवी. मुलगी आईच्या पोटात असते तेव्हा तिची पिशवी दोन नळ्यांपासून बनते. दोन्ही नळ्या एकमेकींना जुळतात आणि मग मधली भिंत विरून जाते. थोरलीच्या नळ्या पुऱ्या जुळल्या, भिंत तेवढी विरली नाही. पण काही जणींच्या नळ्या वरच्या अंगाला जुळतच नाहीत. पिशवीला दोन शिंगं राहतात आणि मध्ये बाहेरून खाच. एक्स-रेच्या फिल्मवर फक्त आतली पोकळी दिसते, माथा दिसत नाही. त्यामुळे पडद्याची पिशवी आणि दोन शिंगांची पिशवी फिल्मवर एकसारख्याच दिसतात. आमच्या दवाखान्यातल्या साध्या सोनोग्राफीवर मी तिची पिशवी बघितली, दोन्ही मूत्रपिंडं जागेवर आहेत का तेही बघितलं, कारण ही दुखणी कधी कधी जोडीनं येतात. मूत्रपिंडं ठीक होती. पिशवीच्या माथ्यावर मला खाच आहे असं वाटलं, पण छातीठोक सांगता येईना.

"नाशिकला जा," मी सांगितलं. "ताईची केली तीच तपासणी करून ये. मग बघू."

"तपासणी कशाला?" थोरली म्हणाली. "एकाच आईच्या पोटच्या आमी. माझ्यासारखंच असणार ना?"

"अगं बाई, एकाच आईच्या पोटची म्हणून तुझा चष्मा तिला लागेल का?"

तिला पटलेलं नव्हतं. सख्ख्या बहिणींत दोघींच्याही पिशवीत दोष निघणं तसं क्वचितच, आणि निघाला तरी एकच निघेल असं कुठे लिहिलंय? पण घरात त्यांचं ठरलेलं होतं. भात झोडून झालं की नवरे भिवंडीकडे वीटभट्टीवर जायचे, बायकांनाही नेणार. नाशिकला जाऊन यायला कोणाला सवड नव्हती. धाकटीचा नवरा दुसऱ्या दिवशी एकटाच आला आणि भट्टीवरच्या हिंदीत मला म्हणाला, "मॅडम, कर डालो ना, क्या बार बार देखने का?" मी त्याला दारातूनच परत पाठवला.

त्याच पंधरवड्यात सर जव्हारला ऑपरेशनांच्या शिबिरासाठी येणार होते. मी त्यांना फोनवर विचारलं आणि त्यांनी मार्ग काढला. शिबिराच्या दिवशी दोन्ही दुर्बिणी घालू, म्हणाले. एक खालच्या वाटेनं पिशवीच्या आत, दुसरी बेंबीतून पोटात. आतून भिंत दिसेल आणि वरून माथा दिसेल. पोटात घालायची दुर्बीण आमच्या दवाखान्यात आहेच, कारण कुटुंब नियोजनाची ऑपरेशनं तिच्यानंच होतात.

आणि इथेच माशी शिंकली.

शिबिराच्या सकाळी धाकटी हिरवा गाऊन घालून ऑपरेशन थिएटरच्या बाहेर स्ट्रेचरवर बसली होती. शेजारी तिची सासू. म्हातारी काटक, कपाळावर गोंदण, बोलणं कमी. सिस्टर ट्रॉलीवर सामान लावत होती. म्हातारीनं त्यातली लांब नळी बघितली आणि उठून उभीच राहिली.

"हे कशाला?" ती म्हणाली.

"पोटात घालून बघायचंय," सिस्टर म्हणाली.

"नाय घालायचं."

मी आत हात धूत होते. आरडाओरड ऐकून तशीच बाहेर आले. म्हातारीनं सुनेचा दंड धरला होता आणि ती तिला स्ट्रेचरवरून खाली ओढत होती.

"आवो, याच खोलीत, याच लोखंडानं माझं बंद झालं," म्हातारी मला म्हणाली. "मी माझ्या मनानं आले, कोणी जबरी नाय केली. तीन पोरं होती. मंग एक पोरगी तापानं गेली. मी परत येऊन इचारलं, आता उघडा. म्हणले, नाय उघडत. ज्यानं बंद करतात ते हिच्या पोटात जाणार? नाय. खालून काय कापायचं ते कापा. वरून नाय."

मी तिला समजावलं. बंद करायला बीजाच्या नळ्यांना कडी घालावी लागते, नुसतं बघितल्यानं काही बंद होत नाही, असं तीन-तीनदा सांगितलं. म्हातारी ढिम्म. तेवढ्यात सर आले. बाहेर बायकांची रांग लागलेली, सरांना संध्याकाळी घाट चढून परत नाशिकला जायचं होतं. त्यांनी सगळं ऐकलं आणि मला बाजूला घेतलं.

"अगं, नको म्हणतात तर राहू दे," ते म्हणाले. "बहिणीला पडदाच होता. फिल्मही तशीच आहे. मी आतून बघतो, भिंत दिसली की कापून टाकतो. दहा मिनिटांचं काम आहे."

"आणि पडदा नसला तर?"

"आतून कळतं मला."

"नाही कळत, सर," मी म्हटलं. "पडदा असो की दोन शिंगं, आतून दोन बोगदे आणि मध्ये भिंतच दिसते. तुम्हीच शिकवलंय मला."

सरांचा चेहरा उतरला. त्यांच्यासमोर मी असं कधी बोलले नव्हते, त्यांनाही ते लागलं असणार.

"मग काय करायचं म्हणतेस?" ते म्हणाले. "आज सोडली तर ही लोकं दुसरीकडे जातील. तिथे कोणी वरून बघणार नाही, बघ."

ते खरं होतं. नवऱ्यानं तालुक्याबाहेरचा कोणी डॉक्टर आधीच विचारून ठेवला होता. तो म्हणे न बघताच कापतो. मी जिवाच्या आकांतानं म्हटलं, "वरून बघितल्याशिवाय कात्री नाही. माझ्या थिएटरमध्ये तरी नाही." आणि म्हातारीकडे वळले. तोंडात काय आलं ते आलं. "आजी, तुमचा माझ्यावर भरवसा नाही ना? मग आत चला. तोंडाला पट्टी बांधा, डोक्याला टोपी घाला आणि माझ्या बाजूला उभ्या राहा. टीव्हीवर सगळं दिसतं. मी नळ्यांना हात लावला तर माझा हात धरा."

सिस्टर म्हणाली, "मॅडम, असं चालत नाही." मी म्हटलं, आज चालतंय.

म्हातारीनं धाकटीकडे बघितलं. धाकटी अगदी हळू म्हणाली, "आये, चल ना. मला पोर पायजे."

म्हातारीला हिरवा गाऊन पायघोळ झाला. टोपीतून पांढऱ्या बटा बाहेर येत होत्या. ती माझ्या खांद्याला खांदा लावून उभी राहिली आणि टीव्हीवरून नजर हलवेना. धाकटीला भूल दिली. सरांनी खालची दुर्बीण घातली. टीव्हीवर गुलाबी अंधार, मग उजवीकडे एक बोगदा, डावीकडे एक बोगदा, मध्ये जाड भिंत. सगळं थोरलीसारखंच.

"बघ," सर म्हणाले. "पडदा आहे. कात्री दे."

सिस्टरनं कात्री पुढे केली. बारीक, लांब, टोकाला चिमणीच्या चोचीएवढी. मी ती मध्येच धरली. "आधी वरून, सर."

भूल देणारा डॉक्टर माझ्याकडे बघत राहिला. सरांनी सुस्कारा टाकला, बेंबीत छोटा छेद घेतला, पोटात हवा भरली आणि ती लांब नळी आत सरकवली. टीव्हीवर आतडी, आतड्यांवरची पिवळी चरबी, मग नळी खाली वळली.

पिशवी दिसली आणि सरांचा हात थांबला.

डावीकडे एक गोल, उजवीकडे एक गोल, आणि मध्ये खोल खाच, थेट खालपर्यंत गेलेली. आतून जी भिंत दिसत होती ती पडदा नव्हताच. ती दोन शिंगांची मधली बाजू होती. तिच्या पलीकडे पिशवी नव्हती, पोटाची पोकळी होती. सरांनी आतून कात्री चालवली असती तर ती वरून बाहेर आली असती. पिशवीला भोक, पोटात रक्त, आणि कात्री थांबली नसती तर आतडंही. शिबिराच्या दिवशी, जव्हारमध्ये, रक्ताच्या दोन बाटल्यांवर.

सर मागे सरले. मला जोरात रडू आलं, ते मी पट्टीखाली दाबलं. म्हातारी मात्र टीव्हीकडे बोट दाखवून म्हणाली, "ही खिंड हाय ना मॅडम? आनी या दोन नळ्या. यांना हात नाय लागला."

"नाही लागला, आजी," मी म्हटलं. "काहीच कापलं नाही."

धाकटी शुद्धीवर आली तेव्हा पहिला प्रश्न तिनं हाच केला. झालं का? मी तिच्याजवळ स्टूल घेऊन बसले. समजेल असं सांगायचं म्हणून मी कुडाची गोष्ट काढली. म्हटलं, "तुझ्या ताईच्या घरात वर छप्पर एक होतं आणि मध्ये कारवीचा कूड फुकटचा उभा होता. तो पाडला, घर मोकळं झालं. तुझी दोन घरं आहेत, दोघांना दार एक. तुझ्या भिंतीच्या वर छप्पर नाही, आभाळ आहे. ती पाडली तर घर मोठं होत नाही, उघड्यावर पडतं."

तिनं ते ऐकलं आणि तोंड फिरवलं. "मंजे ताईचं केलं, माझं नाय करणार."

"करायची गरज नाही गं तुझं."

"मंग पोरं का मरतात?"

मी खरं तेच सांगितलं. दोन शिंगांच्या पिशवीत बायका दिवस भरूनही बाळंत होतात, पुष्कळ होतात. गर्भ सुरुवातीला गळण्याचा धोका पडद्याइतका नाही. पण एका शिंगात जागा कमी, मूल लवकर बाहेर यायला बघतं, डोकं खाली वळवायला जागा मिळत नाही म्हणून पायाळू राहतं, आणि कधी पिशवीचं तोंडच आधी सैल पडतं. पोट उघडून दोन्ही शिंगं जोडायचं एक जुनं ऑपरेशन आहे. ते आता क्वचितच करतात. सगळे उपाय थकले, एकामागून एक मुलं उशिरा जात राहिली, तरच त्याचा विचार. पिशवीवर मोठा व्रण राहतो, पुढच्या बाळंतपणात ती फाटण्याची भीती, आणि खात्री काहीच नाही. तिला मी म्हटलं, "तुला कात्री नको, तुला पहारा हवाय. पाळी चुकली की आठवड्याच्या आत माझ्याकडे ये."

ती ताडकन म्हणाली, "ताईला पोर आनी मला पहारा." आणि डोळे मिटून घेतले. थोरली दाराशी उभी होती, तिनं ऐकलं. तिनं काखेतलं पोर पदराखाली झाकलं, बाहेर गेली आणि मग त्या खोलीत पुन्हा आलीच नाही.

मला वाटलं, गेली ही आता. जाईल त्या दुसऱ्या डॉक्टरकडे. मी म्हातारीला निघताना सांगितलं की हिला कापायला नेलंत तर मी पाड्यावर येऊन तुमच्या दारात बसेन. म्हातारी म्हणाली, "मी डोळ्यानं बघितलं, मॅडम. आता कोण नेतो बघते मी." घरात तिच्या शब्दापुढे मुलांचं काही चालत नाही, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

भट्टीवरून ती मंडळी पावसाच्या तोंडाशी परतली. नागली लावून झाली त्या दिवसांत धाकटी माझ्या ओपीडीत हजर. पाळी चुकली होती. सोनोग्राफीत गर्भ उजव्या शिंगात, ठोके चालू. मी दर पंधरा दिवसांनी तिला बोलवायचे आणि आतून सोनोग्राफी करून पिशवीच्या तोंडाची लांबी मोजायचे. पाचव्या महिन्याच्या तोंडाशी ती लांबी एकदम कमी झाली. दुखणं नाही, काही नाही. मागच्या वेळी असंच झालं असणार आणि कोणी बघायला नव्हतं. त्याच दिवशी मी तिला आत घेतली आणि पिशवीच्या तोंडाला टाका घातला.

दिवाळी झाली, भट्टीचा मुकादम आगाऊ पैसे द्यायला पाड्यावर आला. नवरा म्हणाला, तिथे माझ्यासमोर राहील. मी म्हटलं, भट्टीवर तुझ्यासमोर पाणी फुटलं तर तू काय करशील? तो तिला न घेताच गेला. धाकटी मागे राहिली. सातवा लागल्यावर मी तिला दवाखान्यातल्या बाळंतिणींच्या खोलीत आणून ठेवली, सोबतीला म्हातारी. आठव्यात एकदा कळा सुरू झाल्या. मी कळा थांबवायचं औषध आणि बाळाच्या फुप्फुसांसाठी इंजेक्शनं दिली. कळा थांबल्या. मूल पायाळूच होतं. मी रोज तिच्या पोटावर हात ठेवायचे आणि डोकं बरगड्यांखाली तसंच लागायचं. मला धड जेवण जात नव्हतं.

शिमग्याच्या दिवशी सकाळीच तिचं पाणी फुटलं.

शिमगा म्हणजे आमच्याकडे अख्खा तालुका घरी. भट्ट्या रिकाम्या होतात, एस्ट्या तुडुंब. दवाखान्यात निम्मा स्टाफ रजेवर. भूल देणारा डॉक्टर पालघरला गेलेला, निघालो म्हणाला, पण रस्त्यात जागोजागी पोरं दोर आडवा लावून पैसे मागत होती. इकडे कळा जोरात. मी तपासलं तर बाळाचा एक पाय पिशवीच्या तोंडाशी. टाका राहिला असता तर कळांनी तोंड फाटलं असतं, म्हणून तो कापून काढला. नाशिकला पाठवायचं तर घाटात गाडीतच पाय बाहेर येणार, नाळ निसटली तर संपलंच. मी सिस्टरवर ओरडले, वॉर्डबॉयवर ओरडले, फोनवर भुलीच्या डॉक्टरवर तर असं तोंड सोडलं की म्हातारीनं मला खांद्याला धरून खाली बसवलं.

"मॅडम, पानी प्या," ती म्हणाली.

धाकटी ओरडत नव्हती. दात आवळून छताकडे बघत होती. मी तिचा हात धरला तर तिनं एवढंच म्हटलं, "हा पण पायानं आला ना?"

"यायच्या आधी मी काढते त्याला," मी म्हटलं. माझा माझ्यावर विश्वास नव्हता.

भुलीचा डॉक्टर आला, कपाळाला गुलाल. कमरेत इंजेक्शन दिलं. धाकटी जागी, कमरेखाली बधिर. मी पोट उघडलं. उजवं शिंग फुगलेलं, डावं त्याच्या कुशीत लहानसं पडलेलं. पिशवी उघडली, पाय हाताला लागले, मग कंबर, मग खांदे. डोकं अडकलं. एका शिंगाच्या अरुंद जागेत डोकं अडकतं याचीच मला इतके महिने धास्ती होती. छेद थोडा वाढवला, बाळाची हनुवटी छातीला टेकवत डोकं सोडवलं आणि बाळ बाहेर काढलं.

ते रडलं नाही. मुठीएवढं डोकं, अंग निळसर. सिस्टर त्याला घेऊन बाजूच्या टेबलाकडे धावली. मी तिकडे बघू शकत नव्हते, माझ्या हातात रक्ताळलेली गर्भपिशवी होती आणि ती शिवायची होती. खोलीत फक्त हवा भरायच्या फुग्याचा आवाज.

चादरीपलीकडून धाकटी बोलली. आवाज शांत, कोरडा.

"मॅडम, हे पण गेलं ना?"

मी टाका घालत राहिले. मला माहीतच नव्हतं.

"मंग आता पोट उघडलंच हाय तुमी," ती म्हणाली. "ते दोन्ही जोडून टाका. एक करा. परत उघडायला नको."

माझ्या हातातली सुई थांबली. इतके महिने मी तिला समजावत होते, आणि तिच्या मनात तेच होतं की तिच्यात काहीतरी अर्धं आहे आणि मी ते हट्टानं पुरं करत नाही. मी डोळे पुसू शकत नव्हते, हात निर्जंतुक होते. माझ्या समोर ते लहानसं डावं शिंग, आणि शेजारी हे फाकलेलं उजवं, आठ महिने एका जिवाला पोसून थकलेलं.

"नाही जोडत गं," मी म्हटलं. "एवढ्या जागेत राहिलं ना ते? राहिलं की."

तेव्हा बाजूच्या टेबलावरून मांजराच्या पिल्लासारखा एक आवाज आला. मग दुसरा, मोठा. मग ते चिडून रडायलाच लागलं.

धाकटीनं मान वळवायचा प्रयत्न केला. तिला तिकडे दिसत नव्हतं. ती मला विचारत राहिली, "माझंच हाय ना ते? मॅडम, माझंच ना?"